लॅपटॉप जुना, शूटिंग फोरके! 'प्रॉक्सी' फाइल बनवा, एडिटिंग अडकणार नाही

लग्नसराई सुरू झाली की तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत एक दृश्य हमखास दिसतं. कॅमेरा नवा, शूटिंग फोरके आणि समोर सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेला आठ जीबी रॅमचा लॅपटॉप. क्लिप टाइमलाइनवर ओढली, प्ले दाबलं, की चित्र दोन सेकंद चालतं आणि थांबतं. आवाज पुढे निघून जातो, नवरा-नवरी मागेच अंतरपाटाशी राहतात. तिकडे मुलीच्या घरून फोन येतो, 'दादा, आमची सीडी कधी देणार?' सीडी जाऊन पेन ड्राइव्ह आला, पण विचारणं तेच आहे.

अशा वेळी पहिला विचार येतो तो नवीन लॅपटॉपचा. त्यासाठी कर्ज काढण्याआधी एक काम करून बघण्यासारखं आहे. त्याला पैसे लागत नाहीत, फक्त एक रात्र लागते. त्याचं नाव प्रॉक्सी. मोठ्या फाइलची एक छोटी, हलकी नक्कल बनवायची, कापाकापी सगळी त्या नकलेवर करायची, आणि शेवटी व्हिडिओ बाहेर काढताना सॉफ्टवेअरने पुन्हा मूळ फाइल घ्यायची, एवढीच ही पद्धत आहे.

जमिनीच्या कागदाचं उदाहरण घेतलं तर लगेच कळेल. मूळ खरेदीखत ट्रंकेत कुलपात असतं. तलाठ्याकडे, बँकेत, सोसायटीत फिरताना हातात झेरॉक्स असते. तिच्यावर पेनाने खुणा केल्या तरी बिघडत नाही. शेवटच्या कामाला मात्र मूळ कागदच पुढे करावा लागतो. प्रॉक्सी म्हणजे ती झेरॉक्स.

फोनवर चालतो, मग लॅपटॉपवर का अडकतो?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो. तोच व्हिडिओ पंधरा हजारांच्या फोनवर लोण्यासारखा चालतो आणि लॅपटॉप हात टेकतो. कारण दोन आहेत.

पहिलं कारण चित्राचा आकार. फोरके व्हिडिओच्या एका चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके असतात. सेकंदाला अशी २५ चित्रं लागतात. फोनमध्ये हे चित्र उलगडण्यासाठी चिपमध्येच वेगळा भाग बसवलेला असतो, तो एवढंच काम करतो. जुन्या लॅपटॉपमध्ये असा भाग नसतो, किंवा असला तरी एडिटिंगचं सॉफ्टवेअर तो वापरेलच असं नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कॅमेरा आणि फोन जागा वाचवण्यासाठी प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. एक चित्र पूर्ण साठवतात आणि पुढच्या चित्रांत फक्त 'आधीपेक्षा काय बदललं' एवढंच लिहितात. H.264 आणि H.265 नावाच्या फाइलींचं काम असं चालतं. नुसतं सरळ बघताना याने अडचण होत नाही. पण एडिटिंग करणारा माणूस सरळ बघत नाही. तो मागे जातो, पुढे उडी मारतो, एका चित्रावर थांबून कात्री लावतो. तो मधल्या एखाद्या चित्रावर बोट ठेवतो तेव्हा लॅपटॉपला आधीच्या पूर्ण चित्रापासून हिशेब मांडत तिथपर्यंत यावं लागतं. टाइमलाइन ओढताना स्क्रीन जी गोठते, ती यामुळे.

प्रॉक्सी या दोन्ही गोष्टींवर उपाय करते. चित्राची रुंदी ३८४० वरून ९६० वर आणली, की ठिपके थेट सोळा पटींनी कमी होतात. आणि प्रॉक्सी MJPEG सारख्या प्रकारात बनवली तर त्यात प्रत्येक चित्र पूर्ण असतं, मागचा हिशेब काढावा लागत नाही.

आधी दुखणं ओळखा

लॅपटॉप नेमका कशामुळे अडतो हे न बघता प्रॉक्सी बनवली तर रात्र वाया जाऊ शकते. तपासणं सोपं आहे. विंडोजमध्ये Ctrl, Shift आणि Esc एकदम दाबा. Task Manager उघडेल. त्यात Performance वर जा आणि तो दिसत राहील असा ठेवून एडिटिंगमध्ये क्लिप चालवा.

CPU चा आकडा १०० टक्क्यांना टेकला आणि Disk आरामात असेल, तर प्रॉक्सीने नक्की फरक पडेल. बहुतेकांचं दुखणं हेच निघतं. कॅमेऱ्याची १०० मेगाबिटची फाइल सेकंदाला साधारण साडेबारा एमबीच मागते. तेवढं तर साधी हार्ड डिस्कही सहज देते. म्हणून 'हार्ड डिस्क स्लो आहे' हा अंदाज बऱ्याचदा चुकतो.

Memory पूर्ण भरलेली आणि Disk १०० टक्क्यांवर दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. रॅम संपली म्हणून लॅपटॉप डिस्कचा आधार घेतोय. तिथे आधी ब्राउझर आणि बाकीचे प्रोग्राम बंद करा. नुसत्या प्रॉक्सीने ते दुखणं जाणार नाही.

एका लग्नाचा हिशेब

समजा, लग्नात दोन कॅमेरे होते आणि दोन्ही मिळून दोन तासांचं शूटिंग झालं. फाइल १०० मेगाबिटची, म्हणजे मिनिटाला ७५० एमबी. दोन तासांचे झाले ९० जीबी. याची ९६० रुंदीची प्रॉक्सी जर साधारण १० मेगाबिटची झाली, तर ती सगळी ९ जीबीत बसेल. म्हणजे जागा लागते, पण मुळाच्या दहाव्या हिश्शाएवढी. आपल्या लॅपटॉपवर नेमकी किती लागेल ते बघायला आधी एका मिनिटाच्या क्लिपची प्रॉक्सी बनवा, तिचा आकार बघा आणि एकूण मिनिटांनी गुणा.

आता वेळेचा हिशेब. प्रॉक्सी बनवतानाही लॅपटॉपला मूळ फाइल एकदा उलगडावीच लागते, त्यातून सुटका नाही. समजा लॅपटॉपला सेकंदाला ८ चित्रंच उलगडता येतात. मग २५ चित्रांच्या वेगाने काढलेल्या दोन तासांना सव्वासहा तास लागतील. हे काम बसून बघत राहण्याचं नाहीच. रात्री जेवणानंतर लावायचं आणि सकाळी बघायचं. तेच ओझं, पण एकदाच, आणि आपण झोपलेले असताना. नाहीतर एडिटिंग करताना ते ओझं प्रत्येक वेळी प्ले दाबलं की पुन्हा उचलावं लागतं.

पायरी पहिली : फाइली नीट लावा

लग्नाच्या नावाने एक फोल्डर करा. त्यात cam1, cam2 आणि phone असे तीन फोल्डर. प्रत्येक कार्ड आपापल्या फोल्डरमध्ये उतरवा. एकाच फोल्डरमध्ये सगळं ओतू नका. याला कारण आहे. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असतील तर दोघेही पहिल्या क्लिपला बहुधा एकच नाव देतात, उदाहरणार्थ C0001.MP4. कॉपी करताना विंडोज विचारतं, जुनी फाइल बदलू का? घाईत 'हो' दाबलं की एका कॅमेऱ्याची हळद गेली.

फाइली एकदा लावल्या की काम संपेपर्यंत त्यांची नावं बदलायची नाहीत आणि जागाही हलवायची नाही. सॉफ्टवेअर मूळ फाइलीचा पत्ता लक्षात ठेवतं. पत्ता बदलला तर शेवटच्या दिवशी त्याला मूळ सापडत नाही. फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवत असाल तर शेवटपर्यंत त्याच डिस्कवर ठेवा.

पायरी दुसरी : प्रॉक्सी चालू करा

जुन्या लॅपटॉपसाठी Kdenlive हे मोफत सॉफ्टवेअर सोयीचं आहे, कारण त्यात प्रॉक्सीची सोय आतच आहे, वेगळं काही घ्यावं लागत नाही. नवीन प्रोजेक्ट करताना आधी शेवटी कोणत्या आकारात व्हिडिओ द्यायचा ते ठरवा. टीव्ही आणि फोनवर बघायचं लग्न असेल तर १९२० गुणिले १०८०, सेकंदाला २५ चित्रं, हा आकार पुरतो. मूळ फोरके असल्याने चित्र थोडं मोठं करून कापायला जागाही राहते. हे सुरुवातीलाच ठरवा, निम्मं काम झाल्यावर बदललं तर त्रास होतो.

मग Project मेनूत Project Settings उघडा आणि Proxy या भागात जा. तिथे Enable Proxy Clips ला टिक करा. त्याखाली किती पिक्सेलपेक्षा मोठ्या व्हिडिओची प्रॉक्सी आपोआप बनवायची ते विचारतं. तिथे १००० ठेवलं की फोरके आणि फुल एचडी दोन्ही त्यात येतात. प्रॉक्सीची रुंदी निवडता येत असेल तर ९६० ठेवा. ६४० वर लॅपटॉप आणखी हलका चालतो, पण घोळक्यातला चेहरा ओळखू येत नाही आणि चुकीचा शॉट निवडला जातो. प्रकाराच्या यादीत MJPEG दिसलं तर ते घ्या, नाहीतर Automatic ठेवलं तरी काम होतं.

आता क्लिपा आत घ्या. प्रत्येक क्लिपवर काम किती झालं ते सरकताना दिसेल आणि पूर्ण झालं की क्लिपवर P हे अक्षर येईल. एखाद्या क्लिपवर P नसेल तर तिच्यावर राइट क्लिक करून Proxy Clip निवडा.

रात्री लावून झोपण्याआधी तीन गोष्टी बघा. विंडोजच्या Power सेटिंगमध्ये Sleep ला Never करा, नाहीतर अर्ध्या तासाने लॅपटॉपच झोपेल. लॅपटॉप गादीवर नको, फळीवर किंवा टेबलावर ठेवा, कारण रात्रभर प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालणार आहे आणि गरम झाला की तो स्वतःच वेग कमी करतो. आणि प्रोजेक्ट सेव्ह करा. मध्येच लाइट गेली आणि बॅटरी संपली, तरी झालेल्या क्लिपा वाया जात नाहीत. जी क्लिप चालू होती तिचीच प्रॉक्सी पुन्हा बनवावी लागते.

पायरी तिसरी : एडिटिंग, आणि एक सावधगिरी

सकाळी टाइमलाइन ओढून बघा, फरक लगेच कळतो. कापणं, जोडणं, गाणं टाकणं, दोन कॅमेऱ्यांचे शॉट जुळवणं, हे सगळं प्रॉक्सीवर बिनधास्त करा.

पण दोन गोष्टींचा निकाल प्रॉक्सीवर लावू नका. एक म्हणजे फोकस. चित्र छोटं केलं की जरा हललेला, धूसर शॉटही चांगला वाटतो. मंगळसूत्र घालतानाचा शॉट प्रॉक्सीवर सुंदर दिसला आणि टीव्हीवर नवरीचा चेहरा सोडून मागचं तोरण फोकसमध्ये निघालं, तर ते दुरुस्त करता येत नाही. दुसरी गोष्ट रंग आणि अंधारातला दाणेदारपणा. अशा महत्त्वाच्या शॉटवर राइट क्लिक करून Proxy Clip ची टिक काढा, थांबलेल्या चित्रावर मूळ बघा आणि टिक पुन्हा लावा. प्रॉक्सी आधीच तयार असल्याने परत लावायला वेळ लागत नाही.

फोनच्या क्लिपचा आवाज का सरकतो?

पाहुण्यांनी फोनवर काढलेल्या क्लिपा घेतल्या की आणखी एक तक्रार येते. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पण पाच मिनिटांनी आवाज पुढे-मागे होतो. हा प्रॉक्सीचा दोष नाही. फोन सेकंदाला नेहमी सारखीच चित्रं काढत नाही. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की वेग बदलतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला मात्र ठरलेला वेग लागतो.

अशी क्लिप घेतली की Kdenlive च्या नव्या आवृत्त्या सूचना देतात आणि ती एडिटिंगजोग्या प्रकारात बदलून देऊ का विचारतात. त्याला हो म्हणा. हे काम प्रॉक्सीच्या आधी करायचं, नंतर नाही. कारण चुकीच्या मुळाची झेरॉक्सही चुकीचीच निघते. बदललेली फाइल आकाराने बरीच मोठी होऊ शकते, म्हणून फोनच्या फक्त लागणाऱ्या क्लिपाच बदला.

पायरी चौथी : बाहेर काढताना मूळच हवं

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. Render च्या खिडकीत जास्तीच्या पर्यायांमध्ये Render using Proxy Clips असा एक रकाना असतो. तो रिकामाच हवा. तिथे टिक राहिली तर व्हिडिओ झटपट तयार होतो, माणूस खूश होतो, आणि पाहुण्यांसमोर मोठ्या टीव्हीवर चित्र पुसट निघतं.

ही चूक फाइलची माहिती बघून सापडत नाही, हे नीट लक्षात घ्या. प्रॉक्सीवरून काढलेला व्हिडिओही Properties मध्ये १९२० गुणिले १०८० असाच दिसतो, कारण छोटं चित्र ताणून तेवढं केलेलं असतं. ते डोळ्यांनीच ओळखावं लागतं. म्हणून पूर्ण लग्न काढण्याआधी वीस सेकंदांचा तुकडा काढा. ज्यात बारीक काम दिसतं असा शॉट निवडा. शालूची जर, स्टेजवरच्या बोर्डाची छोटी अक्षरं, अक्षतांचे दाणे. तुकडा पूर्ण स्क्रीनवर थांबवून बघा आणि शेजारी मूळ क्लिप उघडा. जरीचे धागे दोन्हीकडे वेगळे दिसले तर मूळच वापरलं आहे. एका बाजूला नुसता पिवळा पट्टा दिसला, तर थांबा आणि तो रकाना तपासा.

आणखी एक समजून घेतलेलं बरं. प्रॉक्सीने एडिटिंग सुरळीत होतं, पण शेवटी व्हिडिओ बाहेर काढायचा वेळ कमी होत नाही. तिथे मूळ फाइल उलगडावीच लागते. तेही काम रात्रीच लावायचं. गिऱ्हाइकाला तारीख देताना ही दुसरी रात्र हिशेबात धरा.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

पद्धत सगळीकडे हीच आहे, बटणांची नावं वेगळी. Premiere Pro मध्ये क्लिपवर राइट क्लिक केलं की Proxy मध्ये Create Proxies मिळतं, आणि Toggle Proxies या बटणाने मूळ आणि प्रॉक्सी अदलाबदल करता येते. DaVinci Resolve मध्ये Generate Proxy Media आहे. मात्र ते सॉफ्टवेअर मुळातच ग्राफिक्स कार्डावर बराच भार टाकतं, त्यामुळे अगदी साध्या लॅपटॉपवर प्रॉक्सी करूनही जड जाऊ शकतं. कुठलंही सॉफ्टवेअर असो, बाहेर काढताना प्रॉक्सी वापरायचा पर्याय बंद आहे ना, हे बघायचंच.

मूळ फाइल पुसू नका

डिस्क भरत आली की मोह होतो. ९० जीबीचं मूळ आणि ९ जीबीची प्रॉक्सी शेजारी शेजारी दिसतात. टाइमलाइन तर छान चालतेय, मग मोठं पुसून टाकू. इथेच लग्न जातं. प्रॉक्सीपासून मूळ परत बनवता येत नाही, जसं झेरॉक्सवरून खरेदीखत बनत नाही. मुळापासून प्रॉक्सी मात्र कितीही वेळा बनवता येते, फार तर एक रात्र जाईल.

त्यामुळे जागा हवी असेल तर काम संपल्यावर प्रॉक्सीच पुसायची. आणि मूळ शूटिंगची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं नाही. कॅमेरा नवीन घेता येईल, लॅपटॉपही येईल, पण वरमाला दुसऱ्यांदा घालायला नवरा-नवरी येणार नाहीत.